जंजिऱ्याचं एक मिनिट: आधी कागदावर, मग फोनवर

मुरूड-जंजिऱ्याला जाऊन आलेल्या बहुतेकांच्या फोनमध्ये तीस-चाळीस तुकडे असतात. होडी, समुद्र, तट, तोफ, परत समुद्र. घरी आल्यावर ते एकापुढे एक जोडायचे, वर गाणं टाकायचं, नाहीतर गाइडने सांगितलेलं आठवेल तसं बोलून टाकायचं. मग होतं असं, की आवाज सिद्दींच्या आरमारावर बोलतोय आणि पडद्यावर कुणाची तरी टोपी उडतेय. एकेक तुकडा चांगला असतो, बोलणंही चुकीचं नसतं. फक्त दोघांची गाठ कधी पडलेलीच नसते.

ही गाठ निघण्यापूर्वी कागदावर घालावी लागते. वहीचं पान मधोमध दुमडायचं. डावीकडे काय दिसणार, उजवीकडे काय ऐकू येणार. डावीकडच्या प्रत्येक शॉटला आकडा आणि सेकंद, आणि त्याच्या अगदी समोर त्याच शॉटवर बोलायची ओळ. चौकोन काढून त्यात काडीची माणसं रेखाटली तर उत्तम, पण चित्रकला आली नाही म्हणून काही अडत नाही. ‘लांबून’, ‘मध्यम’, ‘जवळून’ एवढं लिहिलं तरी पुरतं.

मिनिटभराच्या क्लिपला किती शब्द लागतात? सावकाश मराठी बोलताना सेकंदाला साधारण दोन शब्द होतात, म्हणजे साठ सेकंदांत एकशेवीस. पण तेवढे सगळे भरले तर ऐकणाऱ्याचा जीव गुदमरतो. साठ-सत्तर शब्दांवर थांबावं आणि उरलेला वेळ लाटांना, शिडाच्या फडफडीला द्यावा. उजव्या बाजूच्या कोऱ्या जागेत म्हणून ‘गप्प, पाण्याचा आवाज’ असं चक्क लिहून ठेवायचं. नाहीतर ती जागा भरून काढायचा मोह होतोच.

आता जंजिरा. या किल्ल्याची गंमत अशी, की राजपुरीच्या धक्क्यावरून नुसती तटबंदी दिसते. मुख्य दरवाजा बुरुजांच्या आड असा बसवलाय, की होडी अगदी जवळ जाईपर्यंत तो कळत नाही. क्लिपचा कणा हाच. कागदावर हा भाग असा उतरतो:

शॉट 1, धक्क्यावरून किल्ला, लांबून, 4 सेकंद. ओळ: ‘समोर जंजिरा. दरवाजा शोधा बरं.’

शॉट 2, दोर ओढणारे हात, जवळून, 3 सेकंद. गप्प.

शॉट 3, वाऱ्याने फुगलेलं शिड, खालून वर, 3 सेकंद. गप्प.

शॉट 4, जवळ येणारा तट, 5 सेकंद. ओळ: ‘अजूनही नुसती भिंतच.’

शॉट 5, होडी वळते आणि दरवाजा उघडा पडतो, 6 सेकंद. पहिले दोन-तीन सेकंद गप्प, मग ओळ: ‘शत्रूलाही तो इतक्याच जवळून दिसला असणार.’

पाचव्या शॉटवर ‘आणि हा पाहा दरवाजा’ असं लिहायला हात शिवशिवतो. लिहू नये. दरवाजा डोळ्यांना दिसतोच आहे, तेच कानात सांगून काय मिळवलं? तो इतका दडवून का बांधला, हे चित्र सांगू शकत नाही, म्हणून ते ओळीने सांगायचं. शिवाय ती मागाहून यायला हवी. शब्द आधी आला तर वळणातली मजा गेली. ओळीसमोर नुसता शॉटचा आकडा न घालता, ती शॉटच्या कितव्या सेकंदाला सुरू होणार हेही लिहावं ते यासाठीच.

कधी एका वाक्याला दोन शॉट लागतात. किल्ल्यात गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव आहेत. ओळ लिहिली, ‘चारही बाजूंनी खारं पाणी, आणि आत गोडं.’ पहिल्या अर्ध्या वाक्याला तटावरून दिसणारा समुद्र, दुसऱ्याला तलाव. यादीत ते 9क आणि 9ख असे मांडायचे आणि चित्र बदलायचं ते बरोबर स्वल्पविरामाशी. ‘गोडं’ हा शब्द कानावर पडतो तेव्हा तलाव पडद्यावर येऊन अर्धा सेकंद तरी झालेला हवा. याउलट कलाल बांगडी तोफेपाशी एखादं माणूस उभं केलं, तर ओळीतला ‘प्रचंड’ हा शब्द खोडता येतो. आकार डोळ्यांनी मोजला जातो, ओळीत तोफेचं नाव तेवढं उरतं.

खरी अडचण इतिहासाच्या ओळींची. शिवाजी महाराजांनी प्रयत्न केले, संभाजी महाराजांनी केले, जंजिरा हाती लागला नाही. यावर दाखवायचं काय? पाटी दाखवणं हा आळस झाला. जंजिऱ्याला शह म्हणून महाराजांनी जवळच समुद्रात पद्मदुर्ग बांधला. हवा स्वच्छ असली तर तो तटावरून दिसतो, पण फोनमध्ये अगदी बारीक. बोटांनी चित्र ताणून मोठं केलं तर नुसता चिखल होतो. तेव्हा ताणू नका, ओळच तशी घ्या: ‘तो ठिपका पद्मदुर्ग. जंजिऱ्यावर नजर ठेवायला महाराजांनी उभा केलेला.’ समुद्रावर धुरकं असेल तर ठिपकाही दिसत नाही. त्यासाठी यादीत त्याच आकड्याखाली पर्याय लिहून ठेवावा: मुरूडच्या किनाऱ्यावरून पद्मदुर्ग, संध्याकाळी. मात्र तेव्हा ओळीतला ‘ठिपका’ बदलावा लागेल, हेही तिथेच नोंदवा.

दोन्ही बाजू जुळल्या की मोबाइलचं स्टॉपवॉच लावून ओळी मोठ्याने वाचायच्या. मनात वाचू नका, मनातलं वाचन नेहमी पळतं. ओळ शॉटपेक्षा लांब निघाली तर शब्द कापायचे. शॉट ताणत बसलं की बघणारा कंटाळतो.

मग याच यादीची दुसरी प्रत करायची, जागेप्रमाणे लावलेली. क्लिपचा शेवट धक्क्यावरून दिसणाऱ्या किल्ल्याने होणार असेल, तर तो शॉट पहिल्या शॉटबरोबरच उरकता येतो. पाचव्या शॉटभोवती लाल गोल करा. होडी एकदाच तशी वळते, ‘परत घ्या’ म्हणायची सोय नाही. वळण्याच्या बऱ्याच आधी रेकॉर्डिंग सुरू करून कोपरं अंगाशी घट्ट धरायची. पायऱ्यांशी उतरताना होडी जोरात हलते, तिथे शॉट ठेवूच नये, फोन खिशात जाऊ द्यावा. उन्हातून दरवाजाच्या अंधारात चालत शिरतानाचा सलग शॉटही फसतो, कारण फोन उजेड जुळवत बसतो आणि चित्र आधी काळं, मग फटफटीत होतं. त्याऐवजी बाहेरून एक, आत थांबून एक. चार सेकंदांचा शॉट हवा असेल तरी दहा सेकंद घ्या, आणि रील करायची असेल तर सगळे उभेच घ्या.

ओळी होडीत बोलायच्या नाहीत, वारा माइकवर आपटतो आणि शब्द त्यातच जातात. तिथे नुसता लाटांचा आणि शिडाचा अर्धा मिनिट आवाज धरून ठेवावा. बोलणं घरी, कपड्यांनी भरलेल्या उघड्या कपाटासमोर रेकॉर्ड करावं, तेही शॉट जोडून झाल्यावर. तोवर एखादा शॉट फसलेला असतो, एखादा न ठरवलेला हाती लागलेला असतो. फसलेल्या शॉटची ओळ कितीही लाडकी असली तरी खोडायची, आणि नव्या शॉटला ओळ द्यायलाच हवी असं नाही.

पावसाळ्यात जंजिऱ्याच्या होड्या बंद असतात. तेव्हा कागद पावसात तयार करा आणि होड्या सुरू झाल्या की निघा.