गाडीत मेसेज ऐकताना इमोजी का खटकतात?

मुलीने गाडी चालवणाऱ्या वडिलांना मेसेज पाठवला आहे: ‘गाडी पंक्चर झाली होती 😂😂😂 आता घरी पोचले 🙏🏽’. फोन हातात असता तर वडिलांनी तो एका नजरेत वाचला असता. पण फोन गाडीच्या पडद्याला जोडलेला आहे आणि मेसेज सहायकाच्या आवाजात ऐकायचा आहे. तेव्हा कानावर साधारण असे पडते: ‘गाडी पंक्चर झाली होती फेस विथ टिअर्स ऑफ जॉय फेस विथ टिअर्स ऑफ जॉय फेस विथ टिअर्स ऑफ जॉय आता घरी पोचले फोल्डेड हँड्स मीडियम स्किन टोन’. काही सहायक एकसारखी चित्रे मोजून एकदाच सांगतात, पण विचित्रपणा त्यातही उरतो.

हे शब्द सहायक स्वतः तयार करत नाही. फोनच्या दृष्टीने इमोजी हे चित्र नसून अक्षरासारखाच एक सांकेतिक क्रमांक असतो. जोडलेल्या हातांचा क्रमांक आहे U+1F64F. जगातल्या लिप्यांना असे क्रमांक देणाऱ्या युनिकोड संस्थेने 2010 मध्ये शेकडो इमोजी आपल्या यादीत घेतले. हीच संस्था प्रत्येक इमोजीचे छोटे नाव वेगवेगळ्या भाषांत नोंदवून ठेवते, आणि मराठीही त्यांत आहे. त्या नोंदीत उच्चारायच्या नावावर `tts` अशी खूण असते. ती ‘टेक्स्ट टू स्पीच’ची, म्हणजे मजकूर बोलून दाखवण्याची. सहायकाला मजकुरात इमोजी सापडला, की त्याजागी असे तयार नाव घालून तो पुढे वाचत जातो.

अडचण या नावांच्या स्वरूपातच आहे. नाव चित्रात काय दिसते ते सांगते, पाठवणाऱ्याला काय म्हणायचे आहे ते सांगत नाही. यामागे कारण आहे. जोडलेले हात आपल्याकडे नमस्कार असतात, कुणासाठी ती प्रार्थना असते, तर जपानमध्ये त्यातून विनंती किंवा क्षमायाचनाही होते. यांतला एकच अर्थ नावात घातला, तर बाकीच्यांसाठी ते नाव चुकीचे ठरेल. म्हणून ‘जोडलेले हात’ एवढेच सांगायचे. मुलीच्या मेसेजमधला ‘देवाची कृपा’ हा भाव त्यात येत नाही.

वस्तूंच्या बाबतीत ही अडचण जाणवत नाही. ‘येताना 🥛🍞 आण’ असा मेसेज आला, तर दुधाचा ग्लास आणि पाव ही नावे ऐकून काम भागते, कारण तिथे चित्र आणि अर्थ एकच आहेत. चेहरे आणि हातांच्या खुणा मात्र वाक्याचा सूर सांगण्यासाठी असतात. नाटकाच्या संहितेत कंसात ‘हसत’ असे लिहिलेले असते. नटाने ते वाक्य हसत म्हणायचे असते, ‘हसत’ हा शब्द उच्चारायचा नसतो. सहायक नेमका तो शब्द उच्चारतो. पंक्चरचे वाक्य तो सपाट सुरात म्हणून टाकतो आणि मुलगी ते हसून सांगत होती, हे नंतर वेगळ्या शब्दांत कळते. तोवर वडिलांच्या मनात काळजी उभी राहिलेली असते.

दोन बारीक कारणे आणखी आहेत. इमोजीआधी आपण पूर्णविराम देत नाही, त्यामुळे त्याचे नाव वाक्यातल्याच शब्दांना चिकटून येते. हातांचा रंग बदलला, तर त्वचेच्या छटेचा वेगळा क्रमांक मागे जोडला जातो आणि ‘मीडियम स्किन टोन’ हे शब्द वाढतात. नेहमीच्या पिवळ्या हातांना ही जोड नसते.

प्रश्न फक्त कानाला खटकण्याचा नाही. हसऱ्या चेहऱ्याचे ते नाव तीनदा म्हणायला सुमारे पाच सेकंद लागतात. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी तेवढ्यात 80 मीटरहून अधिक अंतर कापते. एवढा वेळ चालकाचे थोडे लक्ष वाक्याचा पुढचा धागा पकडण्यात अडकते आणि नीट कळले नाही, तर पडद्याकडे पाहण्याचा मोह होतो. तो टळावा म्हणून तर मेसेज वाचून दाखवण्याची सोय आहे. अंध व्यक्तींना फोन वाचून दाखवणारी सॉफ्टवेअरही इमोजींची अशीच नावे उच्चारतात, त्यामुळे हा त्रास त्यांना दिवसभर होतो.

यावरचा उपाय पाठवणाऱ्याच्या हातात आहे. समोरचा माणूस गाडी चालवत असेल, तर भाव शब्दांत लिहा: ‘पंक्चर झाली होती, पण काळजी नको. घरी पोचले.’ इमोजी हवाच असेल, तर पूर्णविरामानंतर, सगळ्यात शेवटी आणि एकच द्या. वाक्याच्या मधोमध तो घालू नका. आणि तातडीचे काही नसेल, तर तो माणूस पोचेपर्यंत थांबा.