खांद्यावरची चार बोटं

आत्याने पाकीट उघडलं तेव्हा त्यातून तीन तुकडे निघाले. १९४८ साली काढलेला घरचा फोटो, कात्रीने उभा कापलेला. "७४ साली वाटण्या झाल्या, तेव्हा भांड्यांसारखा फोटोही वाटला. पण तुकडे न्यायला कोणी आलंच नाही," आत्या म्हणाली.

मला आजीचा तुकडा हवा होता, तेवढाच. ती फोटोत अगदी उजव्या टोकाला उभी आहे, नऊवारीत, डोक्यावरून पदर. तिच्या खांद्यावर चार बोटं दिसतात. ती मोठ्या जावेची. बोटांपाशीच कात्री फिरली आहे, त्यामुळे मनगट शेजारच्या तुकड्यात गेलं.

तुकडा खिडकीशी तिरपा धरला, तर उजव्या आणि वरच्या कडेला, काळ्या भागावर निळसर चकाकी दिसते. कृष्णधवल फोटोतली काळी छटा म्हणजे जिलेटिनच्या थरातले चांदीचे बारीक कण. हवा आणि ओल लागली की चांदी हळूहळू पृष्ठभागावर येते, आणि सुरुवात बहुधा कडांपासून होते. कापलेल्या डाव्या कडेला मात्र ही चकाकी नाही. म्हणजे फोटो बरीच वर्षं अख्खा भिंतीवर होता आणि कात्री नंतर लागली. आत्याची आठवण त्याच्याशी जुळते.

तुकडे जोडायचा मोह मला झालाच होता. हातात चिकटपट्टीही घेतली होती. फोटोंची डागडुजी करणाऱ्या एका ओळखीच्या बाईंनी थांबवलं. पट्टीचा डिंक काही वर्षांत पिवळा पडतो, कागदात मुरतो, आणि तो डाग मग निघत नाही. लॅमिनेशनही नको, कारण त्यातून फोटो पुन्हा सोडवता येत नाही. थेट काचेला टेकवून फ्रेम केला, तर पावसाळ्याच्या दमट हवेत जिलेटिन मऊ होऊन काचेला चिकटतं. सोडवायला गेलं की चेहरा काचेवर राहतो आणि हातात नुसता कागद येतो. म्हणून काच आणि फोटो यांच्यामध्ये पुठ्ठ्याची चौकट घालून फट ठेवायची.

त्यांच्या सांगण्यावरून तिन्ही तुकडे काळ्या कागदावर शेजारी शेजारी मांडले आणि ६०० डीपीआयवर स्कॅन केले. मागची बाजूही घेतली, कारण स्टुडिओच्या शिक्क्याचा अर्धा भाग एका तुकड्यावर आहे, अर्धा दुसऱ्यावर. आजीच्या तुकड्यामागे मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने नाव आणि साल लिहिलं. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. मग तो आम्लविरहित कागदाच्या पाकिटात घालून कपाटाच्या मधल्या कप्प्यात ठेवला, बाहेरच्या भिंतीपासून दूर.

उरलेले दोन तुकडे चुलत भावांकडे पोचते केले. मोठ्या जावेच्या नातवाने तुकडा हातात घेतला आणि पहिलंच विचारलं, "हिचा हात कुठे गेला?" मी त्याला फोनवर स्कॅन दाखवला.