अक्षता फाइलला जड जातात

छापील पत्रिका पोस्टाने न्यू जर्सीतल्या मावशीच्या हाती पडेपर्यंत इकडे केळवणंही उरकलेली असतात. म्हणून परदेशातल्या नातेवाइकांसाठी हलती पत्रिका करायची पद्धत पडली आहे. पाऊण मिनिटाचं ॲनिमेशन, मागे सनई, जोडीची छोटी गोष्ट आणि शेवटी मुहूर्त. ती करणाऱ्यांची तक्रारही ठरलेली असते: फाइल जड झाली, आणि हलकी करायला गेलो तर चित्र फुटलं. याचं कारण बहुधा शेवटच्या सेटिंगमध्ये सापडत नाही. ते पहिल्या रेखाटनातच असतं.

व्हिडिओची फाइल प्रत्येक चौकट पूर्ण साठवत नाही. अधूनमधून एखादी चौकट पूर्ण ठेवते आणि पुढच्या चौकटींमध्ये फक्त काय बदललं तेवढंच टिपते. मांडव स्थिर आहे आणि नवरदेव चालतोय, तर खर्च नवरदेवापुरता. पण पडदाभर अक्षता उधळल्या, त्यावर सोनेरी चमकी भुरभुरवली, की प्रत्येक चौकटीत सगळंच बदलतं. मग फाइल फुगते. आकार आवळून धरला तर नवरीच्या चेहऱ्यावर चौकोनी डाग उमटतात. तयार टेम्प्लेटना नेमकी चमकीचीच हौस असते.

समजा, नवरी साताऱ्याची आणि नवरा डहाणूचा. गोष्ट एका डब्याची: तिच्या घरून कंदी पेढे गेले, रिकामा डबा परत कसा पाठवायचा म्हणून त्याच्या घरून चिकू आले, आणि पुढच्या फेरीत डब्यातून निघाल्या अक्षता. संवाद नाहीत, त्यामुळे मराठी न वाचणाऱ्या नातवंडांनाही कळते. तीन फेऱ्यांना प्रत्येकी आठ-नऊ सेकंद, उरलेला वेळ मजकुराला. एकूण ४० सेकंद.

डहाणूकडची वारली चित्रशैली इथे दुहेरी कामाची ठरते. गेरूची सपाट जमीन आणि दोन त्रिकोणांची पांढरी माणसं, म्हणजे फाइलला साठवायला फारसं काही नाहीच. मात्र वारली लग्नात सुवासिनी तांदळाच्या पिठाने जो देवचौक लिहितात, तो पूजेचा असतो. त्याला शोभेसाठी नाचवू नये. माणसं, झाडं, तारप्याचा नाच पुरे. चित्रंही सेकंदाला बाराच काढावीत आणि प्रत्येक चित्र दोन चौकटी टिकवावं. हात कमी दुखतो आणि न बदललेल्या चौकटीला जवळजवळ जागाच लागत नाही.

हिशेब साधा आहे. चित्राला सेकंदाला १००० किलोबिट आणि आवाजाला १२८ दिले, तर ४० सेकंदांचे सुमारे ४५,००० किलोबिट होतात. आठाने भागलं की साधारण साडेपाच एमबी. उभी ७२० × १२८० ची एमपी४ फाइल फोनला पुरते. जीआयएफच्या वाटेला जाऊ नये. तिच्यात आवाजच नसतो आणि एका चित्रात २५६ पर्यंतच रंग मावतात.

खरा घोळ होतो तो अक्षरांत. देवनागरीची जोडणी न कळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘चि.’ची वेलांटी च सोडून पुढे जाऊन बसते आणि ‘प्रसन्न’चा पाय मोडतो. म्हणून ‘चि.सौ.कां.’ आणि ‘कुलस्वामिनी प्रसन्न’ एवढं आधी लिहून पाहावं. एकेक अक्षर टपटप पडण्याचा इफेक्टही मराठीला चालत नाही, कारण त्यात अक्षर आणि मात्रा एकमेकांपासून सुटतात. शब्दच्या शब्द आणावा. रंगांत फिकट-गडद फरक ठळक हवा: लालवर गुलाबी अक्षरं लिहिली तर कडा माखतात, कारण फाइल रंगाचा तपशील उजेडाच्या तपशिलापेक्षा कमी ठेवते.

संगीत आधी, चित्र नंतर. सनईची सुरावट पक्की झाली की डबा कुठल्या ठोक्यावर उघडायचा ते ठरवता येतं. सिनेमातलं गाणं लग्नात वाजवायला भारतीय कायद्यात सूट आहे. पण ते व्हिडिओत बसवून पसरवणं निराळं, आणि समाजमाध्यमांवर आवाज बंद केला जाऊ शकतो. गावच्या सनईवाल्याला विचारून, त्याचा मोबदला देऊन ध्वनिमुद्रण करावं. आत्याचा आवाज चांगला असेल तर मंगलाष्टकाच्या दोन ओळी तिच्याकडून म्हणवून घ्याव्यात. ऐकून मात्र फोनच्या स्पीकरवरच पाहावं, कारण चौघड्याचा खालचा घुमारा तिथे पोहोचत नाही.

शेवटच्या पाटीवर वेळ लिहिताना ‘भारतीय वेळ’ हे शब्द हवेतच. डिसेंबरात दुपारी १२.३६ चा मुहूर्त म्हणजे लंडनला सकाळचे ७.०६, न्यू जर्सीला पहाटेचे २.०६ आणि सिडनीला संध्याकाळचे ६.०६. मावशीला थेट प्रक्षेपण पाहायचं असेल तर गजर लावावा लागणार. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलं की ॲप फाइल पुन्हा दाबतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर ती जशीच्या तशी जाते. व्हिडिओतला पत्ता बोटाने दाबता येत नाही, म्हणून कार्यालयाचा नकाशा आणि या चारही वेळा खाली वेगळ्या संदेशात पाठवाव्या लागतात.