तहानलेला कावळा आणि ४५ मिनिटांची तासिका

स्टॉप मोशनमध्ये वस्तू किंचित सरकवून फोटो काढायचा, पुन्हा सरकवायची, पुन्हा फोटो काढायचा आणि ते फोटो सलग दाखवले की वस्तू चालती होते. शाळेच्या वर्गात असा चित्रपट करायचा तर पहिला प्रश्न कथेचा नसतो, फोटो किती काढावे लागतील हा असतो.

एका सेकंदाला किती चित्रे दाखवायची तो फ्रेम रेट. सिनेमात तो २४ असतो. पण मातीच्या बाहुल्यांचे चित्रपट करणारे व्यावसायिकही बऱ्याचदा एकच चित्र दोन फ्रेम धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला प्रत्यक्ष १२ फोटो पुरतात. वर्गासाठी हाच आकडा योग्य. ६ वर आणले तर काम निम्मे होते, पण हालचाल तुटक दिसू लागते. आकडा सुरुवातीलाच अ‍ॅपमध्ये ठरवून टाकावा. मध्येच बदलला तर आधीच चित्रित केलेला कावळा एकदम धावू किंवा रेंगाळू लागतो.

तहानलेल्या कावळ्याची गोष्ट मातीत करायची, लांबी ३० सेकंद, असे धरू. १२ च्या हिशेबाने ३६० फ्रेम होतात. मात्र रिकाम्या अंगणातला रांजण (२ सेकंद), तळाशी दिसणारे पाणी (२ सेकंद) आणि शेवटचे दृश्य (२ सेकंद) यांत काहीच हलत नाही. तिथे प्रत्येकी एकच फोटो लांबवता येतो. कावळा चालत येतो याचे ४ सेकंद म्हणजे ४८ फोटो. वाकून बघण्याचे ३ सेकंद, पण त्यातला निम्मा वेळ तो थबकलेला असल्याने १८ पुरेत. खडा उचलून आणण्याच्या ६ सेकंदांना ७२, खडे पडून पाणी वर येण्याच्या ७ सेकंदांना ८४, पाणी पिण्याच्या ४ सेकंदांना ४८. एकूण २७३. कावळा उडत येत नाही, चालत येतो, हे मुद्दाम: उडवायचा तर त्याला तारेचा आधार द्यावा लागतो आणि तो फोटोतून पुसत बसावे लागते. पाणीही खरे नको, ते हिंदकळते. निळ्या मातीच्या चकत्या एकावर एक चढवल्या की पातळी वाढते.

४५ मिनिटांच्या तासिकेत मांडामांड आणि आवराआवर वजा जाता ३६ मिनिटे उरतात. नवख्या मुलांना एका फोटोला पाऊण मिनिट सहज लागते. म्हणजे एका तासिकेत ४८ फोटो. खरी अडचण इथे आहे. वर्गात सेट रात्रभर तसाच ठेवता येत नाही आणि दुसऱ्या दिवशी तो तंतोतंत पूर्ववत मांडणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून कोणताही शॉट ४८ फोटोंच्या पुढे जाऊ नये. ७२ चा शॉट दोन कोनांतून ३६-३६ चा करावा, ८४ चा ४२-४२ चा. कोन बदलला की मांडणीतला फरक प्रेक्षकाला खटकत नाही. मग ४८ चे दोन, ३६ चे दोन, ४२ चे दोन आणि उरलेले २१ फोटो अशा सात तासिका होतात, फेरचित्रणासाठी एक जास्तीची धरावी. दोन टेबले लावून एका गटाने दूरचे आणि दुसऱ्याने जवळचे शॉट घेतले तर दिवस निम्मे होतात.

कावळा ४८ सेंटीमीटर चालणार असेल तर सरासरी एका फोटोला एक सेंटीमीटर. कॅमेऱ्यात न दिसणाऱ्या कडेला फूटपट्टी चिकटवली की माप चुकत नाही. चाल सुरू होताना आणि थांबताना मात्र पावले अर्ध्या सेंटीमीटरची हवीत, नाहीतर कावळा यंत्रासारखा थांबतो. मधली पावले तेवढीच मोठी घेऊन अंतर भरून काढावे.

सेटसाठी बाक नको, कारण मूल रेलले की बाक हलतो. जड टेबलावर प्लायचा तुकडा क्लॅम्पने आवळावा, रांजण दुहेरी टेपने चिकटवावा. तिपाईचे पाय जमिनीला टेपने बांधावेत आणि फोटो मोबाइलला हात न लावता ब्लूटूथ रिमोटने काढावा. फोकस आणि प्रकाशाची पातळी स्क्रीनवर बोट दाबून ठेवून लॉक करावी. खिडक्या झाकून एकाच दिव्यावर काम करावे, ढग सरकला तरी चित्र उजळते-काळवंडते. पांढऱ्या गणवेशाचाही उजेड सेटवर पडतो, हे सहसा लक्षात येत नाही. म्हणून प्रत्येक फोटोला मुलांनी त्याच रेषेमागे उभे राहावे.

दर दहा फोटोंनंतर फिल्म चालवून पाहावी. रांजणासकट सगळेच उडी मारत असेल तर कॅमेरा हलला, फक्त रांजण उडत असेल तर टेप सुटली, आणि सगळे चित्र लुकलुकत असेल तर प्रकाश बदलतो आहे. कॅमेरा हलला असेल तर अ‍ॅपमधली मागच्या फोटोची फिकट प्रतिमा पाहून तो जुळवता येतो. जुळला नाही तर तिथेच शॉट संपवून पुढचा भाग नव्या कोनातून घ्यावा.