०.१ आणि ०.२ यांच्या बेरजेत ४ आला कुठून?

पायथॉन उघडा आणि पाचवीतल्या मुलालाही जमेल अशी ही बेरीज टाइप करा:

```
>>> 0.1 + 0.2
0.30000000000000004
```

जावास्क्रिप्टमध्ये करून बघा, तिथेही हेच उत्तर येतं. सतराव्या दशांश स्थळी ४ बसलेला आहे. तो नेहमी तिथेच आणि तेवढाच असतो. कॉम्प्युटर बदलला, देश बदलला तरी त्यात फरक पडत नाही. यंत्र चुकत असतं तर चूक रोज वेगळी दिसली असती. मग हा ४ कुठून येतो?

‘कॉम्प्युटरला ०.१ नीट साठवता येत नाही’ हे उत्तर तुम्ही ऐकलं असेल. ते खरं आहे, पण अर्धंसुद्धा पूर्ण नाही. या ४ मधला मोठा वाटा बेरजेच्या अगदी शेवटच्या पायरीवर, एका विलक्षण बरोबरीतून जन्माला येतो. त्या पायरीपर्यंत हळूहळू उतरू.

कॉम्प्युटर अपूर्णांक दोन भागांत ठेवतो. एक भाग मँटिसा, म्हणजे १ आणि २ यांच्या मधली एक संख्या. दुसरा भाग घातांक, म्हणजे त्या संख्येला २ ने किती वेळा गुणायचं किंवा भागायचं तो आकडा. या पद्धतीने ०.१ म्हणजे १.६ भागिले १६, ०.२ म्हणजे १.६ भागिले ८. पाहिलंत का, दोघांचा मँटिसा एकच, १.६! फरक फक्त घातांकाचा आहे: एकाचा उणे चार, दुसऱ्याचा उणे तीन.

आता बेरीज. छेद वेगळे असताना बेरीज करता येत नाही, हे शाळेत शिकलेलं इथेही लागू आहे. म्हणून पहिलं काम घातांक जुळवण्याचं. नेहमी लहान संख्याच मोठीच्या पातळीवर आणतात: १.६ भागिले १६ ऐवजी ०.८ भागिले ८. मग मँटिसांची बेरीज, १.६ अधिक ०.८ म्हणजे २.४ भागिले ८. पण मँटिसा २ च्या आत हवा, म्हणून अर्धा करून छेदही अर्धा करायचा: १.२ भागिले ४. याला नॉर्मलाइज करणं म्हणतात. उत्तर ०.३, चोख. चार पायऱ्यांपैकी तीन झाल्या आणि ४ चा अजून मागमूस नाही.

तो लपलाय १.६ मध्ये. आपल्याला १.६ दोन अंकांत लिहिता येतं, पण २ च्या पद्धतीत तेच १.१००१ १००१ १००१ असं कधीच न संपणारं होतं. जागा मात्र मोजकी. १९८५ साली ठरलेल्या आयईईई ७५४ या मानकात ६४ बिटांच्या संख्येत मँटिसाला ५३ बिट मिळतात. त्यातला पहिला बिट नेहमी १ च असल्यामुळे तो साठवतच नाहीत! म्हणजे ५२ बिटांच्या जागेत ५३ बिटांचं काम. हा फुकटचा बिट मला फार आवडतो.

तर ५३ बिटांनंतर १.६ ची शेपटी तोडावी लागते. तोडलेला भाग पुन्हा १००१ ने सुरू होतो, म्हणजे अर्ध्याहून जास्त, म्हणून शेवटचा अंक एकाने वाढवायचा. शेवटचे १००१ असे १०१० होतात. साठवलेला ०.१ त्यामुळे खऱ्या ०.१ पेक्षा कणभर मोठा, इतका कणभर की फरक अठराव्या दशांश स्थळी दिसतो. ०.२ ही तसाच, दुप्पट फरकाने मोठा.

आता तीच बेरीज बिटांत, आडपडदा न ठेवता. मधले ठिपके म्हणजे तोच गट पुन्हा पुन्हा.

```
0.2         1.1001 1001 ... 1001 1010
0.1       + 0.1100 1100 ... 1100 1101
           --------------------------
           10.0110 0110 ... 0110 0111
```

दुसऱ्या ओळीत ०.१ चे बिट एक घर उजवीकडे सरकले आहेत. सरकताना शेवटून जो बिट बाहेर पडला तो ० होता, म्हणून इथे काहीही हरवलं नाही. बेरीजही अगदी अचूक झाली. पण हातचा चढत चढत वर गेला आणि दशांशचिन्हासारख्या त्या बिंदूच्या डावीकडे १० झाले, म्हणजे २ किंवा जास्त. नॉर्मलाइज करायचं तर सगळं आणखी एक घर उजवीकडे सरकवायचं:

```
1.0011 0011 ... 0011 0011 | 1
```

उभी रेघ म्हणजे ५३ बिटांची हद्द. रेघेपलीकडे एक बिट उरला, १. त्याच्यामागे काहीही नाही.

इथे थांबा. रेघेपलीकडे ० असता तर सोडून दिलं असतं. १ आणि मागे आणखी काही असतं, तर अर्ध्याहून जास्त म्हणून वर गेलो असतो. पण नुसता १ म्हणजे बरोब्बर अर्धं! खालची संख्या आणि वरची संख्या उत्तरापासून तंतोतंत सारख्या अंतरावर. कुठे जायचं?

शाळेतला नियम ‘अर्धं आलं की वर’ असा आहे. त्यात गोम अशी की लाखो बेरजांत प्रत्येक बरोबरी वरच जात राहते आणि हिशेब हळूहळू एका बाजूला घसरतो. एकाच दिशेला छाटत राहिलं की काय होतं ते व्हँकुव्हरच्या शेअर बाजाराने पाहिलंय. १९८२ मध्ये १००० वर सुरू केलेला तिथला निर्देशांक प्रत्येक हिशेबात तीन दशांश स्थळांनंतर कापला जायचा. नोव्हेंबर १९८३ मध्ये तो ५२४.८११ दाखवत होता. नीट मोजल्यावर तो निघाला १०९८.८९२. बाजार चढलेला आणि आकडा निम्म्यावर!

म्हणून मानकाचा नेहमीचा नियम असा: बरोबरी झाली तर ज्या संख्येचा शेवटचा बिट ० आहे तिकडे जायचं. अशा बरोबऱ्या साधारण निम्म्या वर जातात, निम्म्या खाली. आपल्या उदाहरणात खालची संख्या ००११ ने संपते, वरची ०१०० ने. म्हणजे वर:

```
1.0011 0011 ... 0011 0100
```

आणि थेट ०.३ लिहिला असता तर? त्याची न संपणारी शेपटी रेघेपलीकडे ००११ ने सुरू होते, अर्ध्याहून कमी, म्हणून तो खालीच राहतो, ००११ वर. म्हणजे आपली बेरीज आणि ०.३ हे एकमेकांना लागून असलेले शेजारी आहेत. त्यांच्या मध्ये या पद्धतीत तिसरी संख्याच नाही. पण शेजारी म्हणजे समान नव्हे, म्हणून `0.1 + 0.2 == 0.3` विचारलं की उत्तर `False`.

आता ४ चा हिशेब लावू. सतराव्या स्थळाच्या मापाने उत्तर खऱ्या ०.३ पेक्षा ४.४४ ने जास्त आहे. त्यातले १.६७ दोन्ही संख्यांनी येतानाच सोबत आणलेले. उरलेले २.७८ त्या एका बरोबरीच्या निकालातून आलेले. आकडे तोडल्यामुळे बेरजेत शतांशाचा फरक दिसेल, पण मोठा वाटेकरी कोण ते स्पष्ट आहे.

इथे ०.१ एकच घर सरकला, म्हणून सगळं सोपं गेलं. पण दोन संख्यांच्या घातांकांत दोन हजारांहून जास्त अंतर असू शकतं. मग बेरीज करणाऱ्या सर्किटला तेवढी लांबलचक पट्टी लागते का? मानकाची अट तर कडक आहे: उत्तर असं हवं की जणू आधी अमर्याद अचूकतेने बेरीज केली आणि मग फक्त एकदाच राउंडिंग केलं.

आणि यासाठी लागतात रेघेपलीकडे तीन जादा बिट. फक्त तीन! पहिला गार्ड बिट, दुसरा राउंड बिट. हे दोन खरेखुरे अंक ठेवतात. तिसऱ्याला स्टिकी बिट म्हणतात. त्यापलीकडे सरकत गेलेल्या बिटांपैकी एखादा जरी १ असेल, तर हा १ होतो आणि मग १ च राहतो. दारात चप्पल दिसली की घरात कुणीतरी आलंय हे कळतं. किती जण आलेत, कुठल्या खोलीत बसलेत, हे राउंडिंगला कळायची गरजच नसते. त्याला एवढंच ठरवायचं असतं की उरलेलं अर्ध्याहून कमी आहे, बरोबर अर्धं आहे की त्याहून जास्त.

या बिटाची ताकद डोळ्यांनी पाहता येते. २ चा ५३ वा घात म्हणजे नऊवर पंधरा शून्यांच्या आसपासची संख्या. तिथून पुढे ६४ बिटांच्या पद्धतीत फक्त सम पूर्णांक मावतात.

```
>>> 9007199254740992.0 + 1.0
9007199254740992.0
>>> 9007199254740992.0 + 1.0000000000000002
9007199254740994.0
```

पहिल्या बेरजेत १ मिळवला आणि तो गडप! तो ५३ घरं सरकून नेमका रेघेपलीकडच्या पहिल्या घरात पडला, बरोबरी झाली, निकाल सम बाजूला, म्हणजे खाली. दुसऱ्यात १ ला अगदी शेवटच्या बिटाचं शेपूट होतं. ते रेघेपासून ५३ घरं लांब जाऊन पडलं. तिथला अंक कुणीच साठवला नाही, पण जाताना त्याने स्टिकी बिट १ केला. अर्ध्याहून जास्त झालं आणि उत्तर दोनने उडालं.

तीनच बिट कसे पुरतात, हे वजाबाकीत खरं कळतं, कारण तिथे उत्तर लहान होऊन डावीकडे सरकवावं लागतं आणि रेघेपलीकडचे अंक आत यायला लागतात. घातांकांत दोन किंवा जास्त अंतर असेल, तर वजा होणारी संख्या पहिलीच्या निम्म्याहूनही लहान असते. म्हणून उत्तर फार तर एकच घर डावीकडे सरकतं. गार्ड बिट आत येतो, राउंड बिट अर्ध्याची जागा घेतो, स्टिकी बाकीचं सांगतो. अंतर शून्य किंवा एक असेल तर उत्तर कितीही घरं सरको, जुळवताना बाहेर पडलेला बिट फार तर एकच असतो आणि तो गार्डमध्ये शाबूत असतो. तिसरी शक्यताच नाही.

आणि सम बाजूच्या त्या नियमाची आणखी एक गंमत, टाइप करून बघण्याजोगी:

```
>>> 9007199254740994.0 + 1.0
9007199254740996.0
```

९९२ मध्ये मिळवलेला १ गडप झाला होता, ९९४ मध्ये मिळवलेल्या १ चे दोन झाले. दोन्ही वेळा बरोबरीच होती. ९९४ चा मँटिसा १ ने संपतो, ९९६ चा ० ने, एवढाच काय तो फरक.