युकरमधले दोन गुलाम

अमेरिकेच्या मिशिगन-ओहायो भागात आणि कॅनडातल्या ऑन्टारिओत खेळला जाणारा युकर मला फार आवडतो, तो गुलामांसाठी! नव्वी ते एक्का अशी फक्त 24 पानं, चार खेळाडू, समोरासमोर भिडू, प्रत्येकाला पाच पानं.

बदाम हुकूम असेल तर सर्वांत मोठा बदामचा गुलाम, म्हणजे राइट बॉवर. त्याखालोखाल चौकटचा गुलाम, लेफ्ट बॉवर. एक्का तिसरा! चौकटचा गुलाम त्या डावापुरता बदामच मानायचा. नवखे इथेच फसतात: बदामची उतारी आली आणि दुसरं बदाम नसलं, तरी तो टाकावाच लागतो.

आता उघडं पान बदामची नव्वी, वाटणारा प्रतिस्पर्धी, पहिली बोली तुमची. हातात दोन्ही लाल गुलाम, बदामचा राजा, इस्पिकचा एक्का, किलवरची दश्शी. बिनधास्त ‘ऑर्डर अप’ म्हणा. नव्वी वाटणाऱ्याला मिळते, पण गुलामांचे दोन हात पक्के आहेत. तिसरा राजा किंवा एक्का बहुधा देतो. तीन झाले नाहीत, तर समोरच्यांना 2 गुण.

उघडं पान बदामचा गुलामच असेल, तर मात्र पास म्हणा. राइट बॉवर प्रतिस्पर्ध्याच्या हाती कशाला द्यायचा? वाटणारा आपला भिडू असेल, तर दोन हुकूम आणि बाहेरचा एक्काही मला पुरतो.