कानाचं ऑपरेशन, जिभेची तक्रार

कानाचं ऑपरेशन व्यवस्थित पार पडतं, ऐकूही येऊ लागतं. पण घरी आलेला रुग्ण भलतीच तक्रार करतो. जिभेच्या एका बाजूला सतत तांब्याचं नाणं चघळल्यासारखी चव येते. मिरचीचा ठेचा मात्र पूर्वीइतकाच झोंबतो. हात लावला कानाला, मग बिघडली ती चव कशी, आणि तीही अर्ध्याच जिभेवर?

उत्तराची सुरुवात आरशासमोर करता येते. जिभेच्या टोकाला खाण्याचा निळा रंग लावला, की बहुतेक भाग निळा होतो. हा रंग धरतात ते तंतूंसारखे बारीक अंकुर. जिभेवर त्यांचीच गर्दी असते. त्यांचे शेंडे कठीण असतात आणि काम अन्न धरण्या-घासण्याचं. चव घेणारी एकही रुचिकलिका त्यांच्यात नसते. निळ्यात उठून दिसणारे गुलाबी ठिपके म्हणजे अळंबीच्या आकाराचे अंकुर. पुढच्या भागातल्या रुचिकलिका यांच्याच माथ्यावर असतात. पार मागे आठ-बारा मोठे गोल अंकुर एका रांगेत बसलेले असतात. प्रत्येकाभोवती खंदक असतो आणि कलिका त्या खंदकाच्या भिंतीत.

सूक्ष्मदर्शकाखाली रुचिकलिका लसणाच्या गड्ड्यासारखी दिसते: 50 ते 100 लांबट पेशी एकमेकींना चिकटून उभ्या आणि वर एक सूक्ष्म छिद्र. लाळेत विरघळलेला पदार्थ या छिद्रातून आत शिरतो. यातल्या बऱ्याच पेशी आठवडा-दोन आठवडेच टिकतात. जुन्या झडतात, नव्या येतात. हे चक्र चालू राहायला मज्जातंतूचा आधार लागतो. तंतू तुटला, की कलिका सुकत जातात.

जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागातली चव वाहून नेणारा तंतू चेहऱ्याच्या मज्जातंतूची शाखा आहे, नाव कोर्डा टिंपनी. मेंदूकडे जाताना तो कानाच्या पडद्यामागून, हातोडी आणि ऐरण या इवल्या हाडांच्या मधून जातो. त्यामागच्या रिकिबीपर्यंत पोहोचताना शल्यचिकित्सकाला तो बाजूला सारावा लागतो. त्यात तो ताणला जातो, कधी तुटतोही. स्पर्श, वेदना, ऊन-गार आणि मिरचीची आग मेंदूपर्यंत नेणारा जिव्हा-तंतू मात्र वेगळा, पाचव्या मज्जातंतूचा. तो कानात शिरतच नाही, म्हणून ठेचा झोंबतो. मागच्या तिसऱ्या हिश्शाची चव आणि स्पर्श दोन्ही नवव्या मज्जातंतूकडे असतात, त्यामुळे जेवण अगदी बेचव होत नाही.

अक्कलदाढ काढताना इजा झाली, तर चित्र बदलतं. कानातून बाहेर पडलेला कोर्डा टिंपनी खाली जिव्हा-तंतूलाच येऊन मिळतो आणि दोघे दाढेजवळून एकत्र जातात. तिथे धक्का बसला, तर त्या बाजूची चवही जाते आणि जीभ बधिरही होते. म्हणून डॉक्टर साखर-मिठाच्या पाण्याचा बोळा लावून चव पाहतात आणि कापसाच्या टोकाने स्पर्शही तपासतात. चव गेली पण स्पर्श शाबूत, तर संशय कानाकडे वळतो.

तंतू नुसता ताणला गेला असेल, तर नाण्याची चव बहुधा काही महिन्यांत ओसरते. तुटलाच असेल, तर निळ्या रंगाच्या चाचणीत त्या बाजूचे गुलाबी ठिपके पुढे विरळ झालेले दिसू शकतात.